रुबिक्स क्यूब लहान मुलाला कसा शिकवायचा? चार चालींचा एक मंत्र आणि सात टप्पे

मे महिन्याच्या सुट्टीत माझा नऊ वर्षांचा भाचा आमच्याकडे राहायला आला, तो हातात क्यूब घेऊनच. एक बाजू त्याला जमत होती. पांढरे नऊच्या नऊ चौकोन एका बाजूला आले की तो खूश व्हायचा. मग दुसरी बाजू करायला जायचा आणि पहिली बिघडायची. "मामा, हे शक्यच नाहीये," असं त्याचं मत झालं होतं.

त्याला पाच दिवसांत क्यूब सोडवायला शिकवलं. त्यात एक मोठी चूक माझ्याकडून झाली, ती शेवटी सांगतो. तुमच्या घरी लहान भाऊ, बहीण, भाची-भाचा कुणी असेल आणि तुम्हाला स्वतःला क्यूब येत नसेल, तरी हा लेख वाचत दोघं मिळून शिकू शकता. फक्त एक करा: नवा क्यूब सोडवलेलाच येतो, तो लगेच मुलाच्या हातात देऊ नका. का, ते पुढे येईलच.

आधी क्यूब ओळखा

बहुतेक मुलं क्यूबकडे ५४ चौकोन म्हणून बघतात, आणि गडबड तिथेच होते. क्यूबमध्ये चौकोन हलत नाहीत, तुकडे हलतात. प्रत्येक बाजूच्या मधोमध एकरंगी तुकडा असतो, असे ६. हे आतल्या सांगाड्याला जोडलेले असतात, त्यामुळे त्यांच्या जागा एकमेकांच्या तुलनेत कधीच बदलत नाहीत. म्हणजे मधला तुकडा लाल असेल तर ती बाजू लालच होणार. नेहमीच्या क्यूबमध्ये पांढऱ्यासमोर पिवळा, लालसमोर केशरी आणि निळ्यासमोर हिरवा असतो. त्याशिवाय कडांवर १२ दोनरंगी तुकडे आणि कोपऱ्यांत ८ तीनरंगी तुकडे असतात. दोनरंगी तुकडा कोपऱ्यात कधीच जाणार नाही, तीनरंगी कडेवर येणार नाही.

भाच्याला मी पहिल्या दिवशी एवढंच करायला लावलं: "लाल-हिरवा-पांढरा कोपरा शोध. आता त्याचं घर कुठे आहे ते दाखव." घर म्हणजे लाल, हिरवा आणि पांढरा हे तिन्ही मधले तुकडे जिथे एकमेकांना भेटतात तो कोपरा. हे कळलं की "बाजू करायची" हा विचार जातो आणि "थर करायचा" हा विचार येतो. आपण खालचा थर, मग मधला, मग वरचा असे जाणार आहोत.

तो चार चालींचा मंत्र

यूट्यूबवर तुम्ही हे पाहिलं असेल:

```
R U R' U'
```

ही अक्षरं ब्रिटिश गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांच्या पद्धतीतली आहेत. R म्हणजे उजवी बाजू, U म्हणजे वरचा थर. अक्षर नुसतं असेल तर त्या बाजूकडे तोंड करून पाहताना घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, आणि वर टिंब असेल तर उलटा. नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगायची गरज नाही. त्याला असं सांगा:

वर, डावीकडे, खाली, उजवीकडे.

"वर" म्हणजे क्यूबची उजवी बाजू वरच्या दिशेने एकदा. "डावीकडे" म्हणजे सगळ्यात वरचा थर, समोरची कड डावीकडे जाईल असा. "खाली" म्हणजे उजवी बाजू परत खाली. "उजवीकडे" म्हणजे वरचा थर परत उजवीकडे. याला आपण उजवा मंत्र म्हणू. आरशात बघितल्यासारखा डाव्या हाताने केला की डावा मंत्र: डावी बाजू वर, थर उजवीकडे, डावी बाजू खाली, थर डावीकडे.

आता तो सोडवलेला क्यूब काढा. उजवा मंत्र एकदा करा, क्यूब बिघडेल. दुसऱ्यांदा करा, अजून बिघडेल. मोजत सहा वेळा करा, आणि क्यूब पुन्हा होता तसा होईल. २४ चाली झाल्या आणि काहीच बदललं नाही! भाच्याने हे किमान दहा वेळा केलं. मी त्याला करू दिलं, कारण शेवटच्या टप्प्यात हीच गोष्ट त्याला घाबरण्यापासून वाचवणार होती. "बिघडतोय असं दिसलं तरी मोजणं सोडायचं नाही", हे हाताने शिकायचं असतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादं फंक्शन एकदाच लिहितो आणि हवं तिथे वापरतो. हा मंत्र तसाच आहे. सातपैकी चार टप्प्यांत तोच येतो.

टप्पा १: फूल, मग पांढरी अधिक खूण

पिवळा मधला तुकडा वर धरा. त्याच्या चार बाजूंना पांढऱ्या पाकळ्या आणायच्या आहेत, म्हणजे पांढरा रंग असलेले चार दोनरंगी तुकडे, पांढरा रंग वर तोंड करून. इथे मंत्र नाही, मुलाला स्वतः शोधू द्या. फक्त तीन सूचना पुरतात. पांढरा मधल्या थरात असेल तर जवळची उभी बाजू फिरवून तो वर आणा. पांढरा तळाकडे बघत असेल तर ती उभी बाजू दोनदा फिरवा. पांढरा वरच्या किंवा खालच्या थरात असून समोर बघत असेल, तर समोरची बाजू एकदा फिरवून त्याला आधी मधल्या थरात आणा. दर वेळी फिरवण्याआधी बघा, वर त्या जागी पाकळी आधीच बसली आहे का? असेल तर वरचा थर फिरवून रिकामी जागा तिथे आणा.

फूल झालं की एकेका पाकळीचा दुसरा रंग बघा. वरचा थर फिरवत तो रंग आपल्याच मधल्या तुकड्यासमोर आणा आणि ती उभी बाजू दोनदा फिरवा. पाकळी तळाशी जाते. चारही गेल्या की तळाला पांढरी अधिक खूण तयार. पुढच्या पाच टप्प्यांत पांढरा खाली, पिवळा वर.

टप्पा २: खालचे कोपरे

वरच्या थरात पांढरा असलेला कोपरा शोधा. समजा तो लाल-हिरवा-पांढरा आहे. लाल बाजू समोर धरली की उजवीकडे हिरवी येते, म्हणजे या कोपऱ्याचं घर खाली उजवीकडे, समोर. वरचा थर फिरवून कोपरा बरोबर त्या घराच्या वर आणा आणि उजवा मंत्र करत राहा, पांढरा खाली बसेपर्यंत. सुरुवातीला पांढरा रंग उजवीकडे बघत असेल तर एकदा, वर बघत असेल तर तीनदा, समोर बघत असेल तर पाच वेळा लागतो. मुलाला हे आकडे पाठ करायला लावू नका. "बसला का? नाही? परत मंत्र" एवढं पुरतं. एखादा पांढरा कोपरा खालीच चुकीच्या घरात अडकला असेल तर त्याला समोर उजवीकडे घेऊन मंत्र एकदा करा, तो वर येतो.

इथे एक सवय लावाच. पांढरा उजवीकडे असताना मंत्राच्या तिसऱ्या चालीलाच कोपरा घरात बसलेला दिसतो. मूल तिथेच थांबतं, कारण चौथी चाल फुकटची वाटते. या टप्प्यात थांबलं तरी बिघडत नाही. पण तीच सवय सातव्या टप्प्यात पूर्ण क्यूब मोडते. म्हणून पहिल्या दिवसापासून चारही चाली.

टप्पा ३: मधला थर

वरच्या थरात पिवळा रंग नसलेला दोनरंगी तुकडा शोधा. वरचा थर फिरवून त्याचा पुढे दिसणारा रंग आपल्या मधल्या तुकड्याशी जुळवा. आता वरचा रंग बघा, तो सांगतो कुठे जायचंय. उदाहरणार्थ समोर लाल आणि वर हिरवा, तर तुकडा उजवीकडे जाणार.

मुलाला सांगा, "आधी घरापासून लांब पळायचं." उजवीकडे जायचंय म्हणून वरचा थर एकदा डावीकडे. मग उजवा मंत्र. मग पूर्ण क्यूब हातात वळवून उजवी, म्हणजे हिरवी, बाजू समोर घ्या. मग डावा मंत्र. तुकडा घरात.

डावीकडे जायचं असेल, म्हणजे समोर लाल आणि वर निळा असेल, तर सगळं उलट: वरचा थर उजवीकडे, डावा मंत्र, डावी बाजू समोर, उजवा मंत्र.

मध्येच एक पांढरा कोपरा निघून वर येतो आणि दुसऱ्या मंत्राने परत बसतो. ते बघून मूल थांबलं तर दोन्ही बिघडतात. तुकडा मधल्या थरातच उलटा किंवा चुकीच्या घरी बसला असेल, तर त्या घरात दुसरा कोणताही तुकडा याच पद्धतीने घाला, चुकीचा बाहेर येतो.

टप्पा ४: वरची पिवळी अधिक खूण

आता कोपऱ्यांकडे बघू नका, फक्त चार दोनरंगी तुकडे. त्यांचा पिवळा रंग वर दिसतोय का? एकतर फक्त मधला ठिपका दिसेल, किंवा दोन शेजारचे मिळून काटकोन, किंवा दोन समोरासमोरचे मिळून आडवी रेघ, किंवा थेट अधिक खूण.

```
F R U R' U' F'
```

समोरची बाजू घड्याळाच्या दिशेने, मग उजवा मंत्र, मग समोरची बाजू परत. म्हणजे मंत्राला पुढे-मागे एक दार लावलं. ठिपका असेल तर कसाही धरून एकदा करा, काटकोन येतो. काटकोनाच्या दोन बाजू मागे आणि डावीकडे येतील असा धरून करा, आडवी रेघ येते. रेघ डावीकडून उजवीकडे धरून करा, अधिक खूण येते.

इथे एक परीक्षा आहे. पिवळा वर दिसणारे तुकडे नेहमी शून्य, दोन किंवा चार असतात. एक किंवा तीन दिसले, तर क्यूब कधीतरी उघडून एक तुकडा उलटा बसवलेला आहे. मुलाला दोष देऊ नका. तो तुकडा काढून उलटा करून बसवा.

टप्पा ५: अधिक खुणेच्या कडा जुळवा

वरचा थर फिरवत बघा, किती तुकड्यांचे बाजूचे रंग आपल्या मधल्या तुकड्याशी जुळतात. चारही जुळले तर पुढे जा. नाहीतर शेजारशेजारचे दोन जुळतील अशी जागा शोधा. ते दोन मागे आणि उजवीकडे येतील असा क्यूब धरा आणि:

```
R U R' U R U2 R' U
```

वर, डावीकडे, खाली, डावीकडे, वर, डावीकडे-डावीकडे, खाली, डावीकडे. शेजारचे दोन सापडतच नसतील, फक्त समोरासमोरचे जुळत असतील, तर ही मालिका एकदा करा आणि पुन्हा शोधा.

टप्पा ६: कोपरे आपल्या घरी

कोपरा वळलेला असला तरी चालेल, फक्त त्याचे तीन रंग आणि घराचे तीन रंग तेच हवेत. असा एक कोपरा सापडला तर तो समोर, वर, उजवीकडे धरा. एकही नसेल तर कसाही धरा.

```
U R U' L' U R' U' L
```

वरचा थर डावीकडे, उजवी बाजू वर. थर उजवीकडे, डावी बाजू वर. थर डावीकडे, उजवी खाली. थर उजवीकडे, डावी खाली. लय पकडा: थर डावीकडे-उजवीकडे आलटून-पालटून, बाजू दोनदा वर, दोनदा खाली. चारही कोपरे घरी येईपर्यंत करा, पण एक बरोबर असलेला कोपरा सापडला की दर वेळी तोच समोर उजवीकडे.

टप्पा ७: क्यूब उलटा धरा, आणि घाबरू नका

आता पांढरा वर, पिवळा खाली. जो कोपरा वळलेला आहे तो समोर, खाली, उजवीकडे घ्या. उजवा मंत्र, पिवळा खाली बघेपर्यंत. दोनदा किंवा चार वेळा लागेल. वरचे थर पूर्ण विस्कटलेले दिसतील. दिसू द्या.

मग पूर्ण क्यूब वळवायचा नाही. फक्त तळाचा थर फिरवून पुढचा वळलेला कोपरा त्याच जागी आणा आणि पुन्हा मंत्र. सगळे कोपरे झाले की मंत्रांची बेरीज सहा किंवा बारा भरते, आणि सहा मंत्रांनी सगळं जागेवर येतं हे मुलाने पहिल्या दिवशी स्वतः पाहिलेलं आहे. तळाचा थर एकदा फिरवून जुळवला की क्यूब सुटला.

या टप्प्यात मोडलेला क्यूब जवळजवळ नेहमी दोनपैकी एका कारणाने मोडतो: मंत्राची चौथी चाल राहिली, किंवा मुलाने तळाऐवजी सगळा क्यूबच वळवला. म्हणून समोर जी बाजू आहे, तिच्या मधल्या तुकड्यावर मुलाला अंगठा ठेवायला सांगा. मधला लाल असेल तर शेवटपर्यंत लालच समोर.

माझी चूक

चौथ्या दिवशी भाचा सातव्या टप्प्यापर्यंत आला. सगळा क्यूब झाला, फक्त एक पिवळा कोपरा वळलेला राहिला. मी म्हणालो, "कुठेतरी चुकलास, पहिल्यापासून कर." त्याने केलं. परत एकच कोपरा. तिसऱ्यांदा मी शेजारी बसून प्रत्येक चाल बघितली. एकही चुकली नाही, आणि तरीही शेवटी एकच कोपरा. तो क्यूब टेबलावर ठेवून आत निघून गेला.

मग मला आठवलं. आदल्या दिवशी क्यूब खाली पडून एक कोपरा निघाला होता, आणि तो मीच घाईत दाबून बसवला होता. घर बरोबर होतं, पण कोपरा तीन प्रकारे बसतो आणि मी तो वळवून बसवला होता. कितीही चाली केल्या तरी एकटा कोपरा वळत नाही, हा क्यूबचा नियमच आहे. एक वळला तर दुसरा भरपाई म्हणून वळतोच. तसंच, एकटा दोनरंगी तुकडा उलटत नाही आणि फक्त दोनच तुकड्यांची अदलाबदल होत नाही. म्हणून सगळा क्यूब उघडून डोळे मिटून जोडला, तर तो सुटण्याची शक्यता बारामध्ये एक असते: कोपऱ्यांमुळे तीन, उलटण्यामुळे दोन, अदलाबदलीमुळे दोन, यांचा गुणाकार.

म्हणजे भाचा तीन वेळा बरोबर होता आणि मी तीन वेळा चूक. मी त्याला बोलावलं, काय झालं ते सांगितलं, सॉरी म्हणालो आणि त्यालाच तो कोपरा बोटांनी चिमटीत धरून जागच्या जागी वळवायला दिला. सैल फिरणाऱ्या क्यूबमध्ये तो न काढताही वळतो. घट्ट क्यूब असेल तर वरचा थर थोडा तिरका करून एक दोनरंगी तुकडा हलकेच काढा, मग कोपरा निघतो.

तर ही तीन लक्षणं लक्षात ठेवा. चौथ्या टप्प्यात एक किंवा तीन पिवळे. सहाव्यात नेमके दोनच कोपरे घरी आणि दोन चुकीचे. सातव्यात एकच वळलेला कोपरा. तोपर्यंतचं सगळं नीट झालं असेल आणि यातलं एक दिसलं, तर क्यूब चुकीचा जोडलेला आहे.

या पद्धतीने शंभराहून जास्त चाली लागतात. खरं तर कुठलाही क्यूब २० किंवा त्याहून कमी चालींत सुटू शकतो, हे २०१० मध्ये संगणक वापरून सिद्ध झालंय. पण त्या २० चाली शोधणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि हा मंत्र नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटांत बसतो.

पाचव्या दिवशी भाच्याने तो एकट्याने सोडवला. मग माझ्याकडे देऊन म्हणाला, "आता तू कर, मी चाली मोजतो."